चिठ्ठी पेटीत होती

मागच्या वर्षी आमच्या शाळेच्या आनंद मेळाव्यातली सोडत संपली तेव्हा टाळ्या वाजल्या, पण टाळ्यांपेक्षा कुजबुज मोठी होती. तीनशे तिकिटं विकली गेली होती, बक्षिसं तीन होती आणि निघालेले क्रमांक होते २६८, २८१ आणि २९४. तिन्ही शेवटच्या पन्नासातले. या पन्नास तिकिटांची शेवटची दोन बुकं वर्गांत गेलीच नव्हती. मेळाव्याच्या दिवशी फाटकाजवळच्या टेबलावर ऐनवेळी येणाऱ्यांसाठी ती ठेवली होती. पंधरा दिवस आधीपासून तिकीट जपून ठेवलेल्या मुलांच्या हाती काहीच लागलं नाही. मी स्टेजच्या पायऱ्यांवर उभी होते. मागून कुणीतरी म्हणालं, "सगळं सेटिंग असतं हो."

सेटिंग नव्हतं. चिठ्ठ्या काढणाऱ्या मुलीचे डोळे मी स्वतः रुमालाने बांधले होते. त्या पेटीला कुणी हात लावलेला नाही हे मी छातीठोकपणे सांगू शकत होते, आणि सांगितलंही. तरी त्या रात्री मला झोप लागेना. मी गणित शिकवते. दहावीच्या वर्गात फळ्यावर 'समसंभाव्य निष्पत्ती' असे शब्द लिहून त्यांचा अर्थ सांगते: प्रत्येक निष्पत्ती घडण्याची शक्यता सारखी. पुस्तकात ते वाक्य गृहीत धरलेलं असतं. फासा टाकला, नाणं उडवलं, पत्ता काढला, की समसंभाव्य आहेच असं म्हणून पुढचं गणित सुरू होतं. आमच्या पेटीत ते गृहीत खरं होतं का, हे मी कधी तपासलंच नव्हतं.

आधी हिशेब केला. तीनशे चिठ्ठ्या खरोखर सारख्या असतील तर तिन्ही बक्षिसं शेवटच्या पन्नासातच जाण्याची शक्यता किती? पहिल्यासाठी ५०/३००, दुसऱ्यासाठी ४९/२९९, तिसऱ्यासाठी ४८/२९८. तिन्हींचा गुणाकार केला की साधारण २२७ मध्ये एक. आकडा पाहून क्षणभर धडकी भरली. मग लक्षात आलं की मी स्वतःलाच थोडं फसवते आहे. शेवटचे पन्नास हा गट मी निकाल पाहिल्यावर निवडला होता. तिन्ही बक्षिसं पहिल्या पन्नासात गेली असती तरी लोक तेच म्हणाले असते, मधल्या कुठल्या पन्नासात गेली असती तरीही. पन्नासाचे असे सहा गट होतात, म्हणजे कुठल्या तरी एकाच गटात तिन्ही जाण्याची शक्यता २२७ मध्ये सहा, अडतीसमध्ये एक. अडतीस वर्षांत एकदा योगायोगानेही घडू शकेल अशी गोष्ट. निव्वळ आकड्यांवरून पेटी दोषी ठरवता येत नव्हती आणि निर्दोषही.

मग पेटीलाच विचारायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी ती अजून स्टाफरूमच्या कपाटावर तशीच होती, आत २९७ चिठ्ठ्या. मी ती उपडी केली नाही. वरून थर उचलत गेले आणि क्रमांक वाचत गेले. वरच्या चार बोटं थरात अडीचशेच्या पुढचे क्रमांक दाट होते. मध्ये शंभर-दोनशेचे. तळाशी पोचले तेव्हा १ ते २५ मधल्या तब्बल सतरा चिठ्ठ्या एकमेकींना बिलगून, पंख्याच्या पात्यांसारख्या अर्धवट उलगडलेल्या, अगदी कोपऱ्यात बसलेल्या होत्या. ज्या दिवशी टाकल्या त्या दिवसापासून बहुधा तिथेच होत्या. सोडतीआधी पेटी आम्ही जोरजोरात हलवली होती, मुलांनी मोठ्याने दहा अंक मोजले होते. पण पेटी गळ्यापर्यंत भरलेली होती. आत मोकळी जागाच नसेल तर हलवल्यावर सगळा गठ्ठा एकत्र हलतो, चिठ्ठ्या जागा बदलत नाहीत. त्यात कागदाची चिठ्ठी चपटी. ती मण्यासारखी घरंगळत नाही, दुसरीच्या घडीत अडकून बसते. डोळे बांधलेल्या मुलीचा हात मनगटापर्यंत आत गेला होता. मनगटाच्या खालच्या चिठ्ठ्या त्या सोडतीत नव्हत्याच म्हणायच्या.

आणखी एक गोष्ट दिसली. फाटकावरच्या टेबलाशी बसलेल्या स्वयंसेवकाने घाईत चिठ्ठ्यांच्या चार-चार घड्या घातल्या होत्या, त्या लहान आणि जाड झाल्या होत्या. वर्गांतून आलेल्यांना एकच घडी होती. डोळे बांधलेले असले तरी बोटांना जाड आणि पातळ कळतं. बोटं मुद्दाम निवडत नाहीत, पण जे चिमटीत चटकन येतं तेच ती उचलतात.

मी हे सगळं मुख्याध्यापकांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी सोडत तुम्हीच घ्या. आणि काढण्याआधी लोकांना समजावून सांगा." म्हणून यंदा मी आयोजकांत होते आणि यंदाचं भाषण माझ्याकडे आलं.

भाषणाआधीचं काम मात्र भाषणापेक्षा जास्त होतं. यंदा प्रत्येक वर्गाला एक, अशी बारा वर्गांना पंचवीस-पंचवीस तिकिटांची बारा बुकं दिली. तिकीट घेणाऱ्याकडे एक भाग आणि त्याच क्रमांकाची स्थळप्रत आमच्याकडे. सोडतीच्या आदल्या संध्याकाळी दोन शिक्षिका आणि मी वर्गात दोन बाकं जोडून बसलो. स्थळप्रतींचे बुकानुसार ढीग केले आणि मोजल्या. एकूण भरल्या २९८. पुन्हा मोजल्या, २९८. सातव्या आणि नवव्या ढिगात चोवीसच होत्या. विकलेली बुकं टोपलीत टाकलेली होती ती काढून पाहिली, तर दोन्ही बुकांचं शेवटचं पान पिनेखाली पुठ्ठ्याला चिकटून राहिलं होतं. क्रमांक १७५ आणि २२५.

त्या दोन कागदांनी मला हललेल्या पेटीपेक्षा जास्त अस्वस्थ केलं. नीट न मिसळलेल्या चिठ्ठीला निदान थोडी तरी संधी असते. पेटीत नसलेल्या चिठ्ठीची संधी शून्य. आणि हे कुणाला कधीच कळलं नसतं, कारण सोडतीत न निघणं ही प्रत्येकाच्या बाबतीत होणारी सर्वांत साधी गोष्ट आहे. १७५ नंबरवालं मूल 'आपलं नशीब नव्हतं' म्हणून घरी गेलं असतं. त्याच्या बाबतीत नशिबाचा संबंधच आला नसता. पक्षपात निदान कुजबुजीला कारण देतो. ही चूक आवाजच करत नाही. म्हणून सोडतीत माझ्या मते पहिलं काम ढवळणं नाही, मोजणं आहे.

मग घड्या. सगळ्या तीनशे चिठ्ठ्या आम्ही तिघींनी मिळून सारख्या घातल्या: मधोमध एकच घडी, नखाने दाबून. कंटाळवाणं काम होतं, पण तासाभरात झालं.

आणि मग ढवळण्याची परीक्षा. ही मला सगळ्यांनी करून पाहावी अशी वाटते, कारण तिच्यात अंदाज चालत नाही. तीनशे कोऱ्या चिठ्ठ्या कापल्या, त्यांतल्या पन्नासांवर आतून लाल टिंब काढलं. अडीचशे साध्या खाली, पन्नास लाल टिंबाच्या वर, अशी जुनी पेटी भरली आणि मागच्या वर्षीसारखीच दहा वेळा हलवली. न पाहता तीस चिठ्ठ्या काढल्या. सगळं सारखं मिसळलं असेल तर तिसांत लाल टिंबाच्या साधारण पाच यायला हव्यात, कारण एकूण चिठ्ठ्यांत त्या सहाव्या हिश्शाने आहेत. अगदी पाचच येतील असं नाही. दोनपासून आठपर्यंत काहीही आलं तर नवल नाही. आमच्या आल्या चौदा. माझी मैत्रीण म्हणाली, "अगं, मग मागच्या वर्षी काय झालं ते कळलंच की." मी मान हलवली.

नंतर त्याच चिठ्ठ्या, तशाच थर लावून, एका रुंद टबात ओतल्या. टब तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भरलेला नव्हता. दोन्ही हात कोपरापर्यंत घालून तळातल्या वर आणल्या, दुसऱ्या टबात ओतल्या, पुन्हा तेच. असं पाच वेळा. तीस काढल्या, लाल टिंबाच्या सहा आल्या. पुन्हा थर लावून पुन्हा केलं, चार आल्या. तेव्हा कुठे मला वाटलं की उद्या माइकसमोर 'सारखी संधी' हे शब्द मी उच्चारू शकेन.

मागच्या वर्षीची आमची चूक नवी नव्हती, हे मला नंतर वाचनातून कळलं होतं. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत एक सोडत झाली होती. तिच्यात बक्षीस नव्हतं. व्हिएतनाम युद्ध चालू होतं आणि सैन्यात कुणाला आधी बोलवायचं ते जन्मतारखेवरून ठरणार होतं. वर्षाच्या ३६६ तारखा ३६६ छोट्या निळ्या प्लास्टिकच्या कॅप्सूलमध्ये घातल्या आणि एकेक काढत गेले. जी तारीख आधी निघेल त्या तारखेला जन्मलेल्या तरुणांना आधी बोलावणं. पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर. निकालाचे आकडे पाहणाऱ्यांच्या लक्षात आलं की वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या तारखा फारच लवकर निघाल्या आहेत. सगळं सारखं मिसळलेलं असतं तर कुठल्याही महिन्याच्या क्रमांकांची सरासरी १८३.५ च्या आसपास यायला हवी होती. डिसेंबरची आली साधारण १२१.५. कॅप्सूल महिन्यामहिन्याने भरल्या होत्या, जानेवारी आधी आणि डिसेंबर शेवटी, आणि शेवटचे महिने पुरेसे मिसळले गेले नव्हते. तिथेही कुणी सेटिंग केलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांनी दोन पिंपं ठेवली. एकातून तारीख काढायची, दुसऱ्यातून क्रमांक. एक पिंप नीट ढवळलं गेलं नाही तरी दुसरं ती चूक झाकून घेतं.

आमच्या सोडतीत फार तर एखादं बक्षीस हुकतं. तिथे डिसेंबरात जन्मलेल्या मुलांचं काय काय पणाला लागलं होतं, ते मनात आलं की आमच्या टबात कोपरापर्यंत हात घालणं मला मुळीच जास्तीचं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माइक हातात आला. समोर मुलं, पालक, मागे उभे राहिलेले आजी-आजोबा. मी भाषण लिहून आणलं होतं, पण पहिल्या वाक्यानंतर कागद खाली ठेवला.

मी म्हणाले, "मागच्या वर्षी तिन्ही बक्षिसं शेवटच्या पन्नास तिकिटांना लागली. ज्यांना शंका आली त्यांची शंका योग्य होती. कुणी लबाडी केली नव्हती, पण चिठ्ठ्या आम्ही नीट मिसळल्या नव्हत्या. खालच्या चिठ्ठ्यांपर्यंत हातच पोचला नाही. ती आमची चूक होती." पटांगणात एकदम शांतता झाली. मला वाटतं, कुणालाच ही सुरुवात अपेक्षित नव्हती.

मग मी त्यांना एक कल्पना करायला सांगितली. "समजा काल रात्री कुणी गुपचूप येऊन तुमच्या चिठ्ठीवरचा क्रमांक आणि तुमच्या शेजारी बसलेल्यांच्या चिठ्ठीवरचा क्रमांक यांची अदलाबदल केली. आजच्या सोडतीला त्याने काही फरक पडेल का? तुमची चिठ्ठी वर असेल आणि त्यांची तळाशी, तर पडेल. तुमची जाड असेल आणि त्यांची पातळ, तरी पडेल. तुमची पेटीत असेल आणि त्यांची बुकातच राहिली असेल, तर खूपच पडेल. पण कुठल्याही दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल केली आणि काहीही फरक पडत नसेल, तर तीनशे चिठ्ठ्यांपैकी एकीकडेही दुसरीपेक्षा जास्त काही नाही. संधी सगळ्यांना सारखी वाटली गेली आणि प्रत्येकीच्या वाट्याला तीनशेतला एक भाग आला. आम्ही काल जे केलं ते एवढ्यासाठीच." आणि मोजणी, १७५ आणि २२५ सापडणं, घड्या, लाल टिंबं, सगळं सांगितलं. लाल टिंबाच्या चौदा आल्या हे ऐकून मुलांनी "अरे बापरे" केलं.

आठवीतला एक मुलगा पुढे बसला होता. त्याने हात वर केला. "बाई, तिसरं बक्षीस आधी काढतात आणि पहिलं शेवटी. तोपर्यंत चिठ्ठ्या कमी झालेल्या असतात. मग पहिल्या बक्षिसाची संधी वेगळी होत नाही का?"

हा प्रश्न वर्गात विचारला तर उत्तर सूत्राने देता येतं. पटांगणात सूत्र चालत नाही. मी तीन मुलांना पुढे बोलावलं. तीन चिठ्ठ्या केल्या, एकीवर फुली मारली, आणि ओंजळीत ढवळल्या. एकेकाने क्रमाने घ्यायची, ज्याला फुली तो जिंकला. "पहिल्याला फुली मिळण्याची शक्यता किती?" तीनांत एक, सगळे म्हणाले. "दुसऱ्याला?" दोन चिठ्ठ्या उरल्या म्हणून दोनांत एक, असा आवाज आला. "पण फुली उरली असेल तरच ना. पहिल्याने ती आधीच नेली असेल तर दुसऱ्यासाठी काहीच नाही. तीनपैकी दोन वेळा फुली उरते. उरली की त्या वेळांतल्या निम्म्या वेळा दुसऱ्याला मिळते. दोन तृतीयांशाचं निम्मं म्हणजे एक तृतीयांश." तिसऱ्याचं उत्तर मुलांनीच दिलं. जे उरलं ते त्याचं, म्हणजे तेही एक तृतीयांश. तीन मुलांनी चिठ्ठ्या उघडल्या. फुली मधल्याकडे होती, त्याला टाळ्या मिळाल्या. तो उगाचच लाजला.

"आपल्या सोडतीतही तसंच," मी म्हणाले. "तुमची चिठ्ठी पहिल्या बक्षिसापर्यंत टबात उरेल की नाही याची थोडी अनिश्चितता, आणि उरली तर समोर स्पर्धक कमी. तोटा आणि फायदा बरोबर एकमेकांना फेडतात. पहिल्या बक्षिसाची तुमची संधी तीनशेत एक, ते आधी काढा नाहीतर शेवटी." आठवीतल्या मुलाने मनात हिशेब केला असावा. थोड्या वेळाने त्याने मान डोलावली.

पुढचा प्रश्न मात्र मला जड गेला. सहावीतली एक मुलगी उठली. "बाई, माझं एकच तिकीट आहे. त्याच्याकडे दहा आहेत," तिने शेजारच्या मुलाकडे बोट दाखवलं. "मग सारखं कसं?"

मी खोटं सांगू शकत नव्हते. "सारखं नाही," मी म्हणाले. "प्रत्येक बक्षिसासाठी त्याची संधी तुझ्या दहापट आहे. या सोडतीत समानता तिकिटाला आहे, माणसाला नाही. त्याच्या दहांतलं एकेक तिकीट तुझ्या एका तिकिटाएवढंच. त्यातलं एकही जास्त जड नाही. आपण हा नियम आधी जाहीर केला होता की कुणी कितीही तिकिटं घ्यावीत. माणसामाणसांत समानता हवी असेल तर नियम वेगळा करावा लागेल, प्रत्येकाला एकच तिकीट. तोही न्याय्य आहे, पण तो विक्री सुरू होण्याआधी ठरवायला हवा." तिचं समाधान झालं नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला वाटतं तिचं बरोबरही आहे. गणित एवढंच सांगतं की दहा तिकिटांची संधी दहापट असते. दहा तिकिटं घेऊ द्यावीत की नाही, हे आपल्याला ठरवावं लागतं. मुलांच्या मेळाव्यात एकाला एकच तिकीट असावं असं माझं मत आहे आणि पुढच्या वर्षी तो आग्रह मी धरणार आहे.

एका गृहस्थांनी बक्षिसांची एकूण किंमत जमलेल्या पैशांच्या मानाने कमी असल्याचं म्हटलं. तेही खरं होतं. जमलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा बक्षिसांवर आणि उरलेली शाळेच्या ग्रंथालयाला, असं तिकिटावरच छापलं होतं. सरासरीने पाहिलं तर तिकिटाच्या किमतीचा तिसराच भाग परत मिळतो. घेणारे आणि शाळा यांच्यात हा बरोबरीचा व्यवहार नाही. बरोबरी आहे ती घेणाऱ्या-घेणाऱ्यांत. त्यांनी ते मान्य केलं.

शेवटचं मी मुद्दाम सांगून ठेवलं, कारण सोडतीचा न्याय बहुतेक वेळा इथेच बिघडतो. "बारा वर्ग आहेत, प्रत्येकाची पंचवीस तिकिटं. तीन बक्षिसं तीन वेगवेगळ्या वर्गांत जातील असं आपल्याला वाटतं. मी हिशेब केला आहे. निदान दोन बक्षिसं एकाच वर्गात जाण्याची शक्यता शंभरात जवळजवळ तेवीस आहे. सरासरीने चार-पाच सोडतींत एकदा तसं होतं. आज झालं तर ते मिसळल्याचंच लक्षण असू शकतं. आणि काहीही झालं तरी नाव वाचल्यावर चिठ्ठी परत टाकायची नाही." लोक हे लक्ष देऊन ऐकत होते, पण नाव अजून समोर नव्हतं.

मग टब मध्ये आणला. पालकांपैकी ज्यांना वाटेल त्यांनी येऊन ढवळावं असं मी म्हणाले. पाच-सहा जण आले. त्यांत मागच्या वर्षी माझ्या मागे उभे असलेले ते गृहस्थही होते. आवाजावरून मी त्यांना ओळखलं. त्यांनी बाह्या वर सारल्या आणि एकदम तळाशी हात घातला. मी त्यांना काही बोलले नाही, त्यांनीही काही विचारलं नाही. पण त्यांनी इतरांपेक्षा बराच जास्त वेळ ढवळलं.

तिसरं बक्षीस ११२. दुसरं ३७. पहिलं ११९.

११२ आणि ११९ एकाच वर्गाचे. पाचव्या बुकातले. मागून आवाज आलाच, "अहो, एकाच वर्गाला दोन? एक परत काढा ना." दोघा-तिघांनी त्याला साथ दिली. बाजूच्या एका शिक्षकांनीही माझ्या कानाशी हळूच म्हटलं, "काढून टाका, वाद नको." त्यांचा हेतू चांगला होता. पण त्या क्षणी ११९ क्रमांकाची चिठ्ठी परत टाकली असती तर तिच्या मालकाची संधी आम्ही मागाहून काढून घेतली असती, आणि तीही फक्त त्याचा वर्ग कुठला ते वाचून. एका वर्गाला एकच बक्षीस हा नियम वाईट नाही. तो सकाळी फळ्यावर लिहिला असता तर प्रत्येकाला सारखाच लागू झाला असता. नाव वाचल्यावर केलेला नियम मात्र एकाच माणसाला लागू होतो. मी माइक घेतला आणि म्हणाले, "शंभरात तेवीस म्हटलं होतं, त्यांतली ही एक. चिठ्ठी परत जाणार नाही." कुणीतरी हसलं, मग बाकीचेही. ११९ ची मुलगी आईचा हात धरून स्टेजवर आली.

बक्षिसं वाटून झाल्यावर मी टब तसाच टेबलावर ठेवला आणि ज्यांना पाहायचंय त्यांनी पाहावं असं सांगितलं. दहा-बारा मुलांचा घोळका जमला. त्यांनी चिठ्ठ्या उघडून पंचवीस-पंचवीसचे ढीग लावायला घेतले. मीही बसले. खरं सांगायचं तर मी १७५ आणि २२५ शोधत होते. दोन्ही सापडल्या, एक मधून, एक जवळजवळ तळातून. बाजूला ढीग वाढत गेले आणि आठवीतला तो मुलगा मोजत होता. शेवटी तो ओरडला, "बाई, दोनशे सत्त्याण्णव!"

सहावीतली ती मुलगी तिथेच होती. ती मोजत नव्हती, एकेक चिठ्ठी उघडून क्रमांक पाहत होती आणि बाजूला ठेवत होती. बऱ्याच वेळाने थांबली. तिने खिशातून आपलं तिकीट काढलं, ८८. हातातली स्थळप्रत टेबलावर सपाट केली, घडीवरून अंगठा फिरवला आणि तिकिटाची फाटलेली कड तिच्या फाटलेल्या कडेला लावून पाहिली. डाव्या कोपऱ्याशी तिकीट थोडं तिरकं फाटलं होतं. तिथेही बरोबर बसलं.

"हे बघा बाई," ती म्हणाली, "माझं होतं यात."